लाइन चालू, नेट बंद: राउटर डायनॅमिकवर आहे की स्टॅटिकवर, ते आधी बघा

"भाऊ, दिवा ते हिरवा लागेल शे, मंग नेट काबर चाली नही राहिनं?"

अमळनेर, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात मी कॅमेरे आणि नेटवर्कची कामं करतो. कापसाचा हंगाम सुरू झाला की असा फोन आठवड्यातून एकदा तरी येतोच. जिनिंगमध्ये लाइट ये-जा करते, नेट अडकतं, मग कोणीतरी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसतं. तिथून पुढे दिवे सगळे नीट, वायफायच्या कांड्या फुल, आणि नेट मात्र नाही. दहापैकी निम्म्या वेळा दोष एकच निघतो. राउटरला सांगितलंय एक आणि लाइन आहे दुसरीच.

ही लक्षणं जुळतात का बघा

फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनयूवर, `PON` चा दिवा स्थिर हिरवा आहे आणि `LOS` चा बंद आहे. राउटरवर पृथ्वीच्या गोळ्याचा किंवा `Internet` नावाचा दिवा केशरी, लाल किंवा विझलेला आहे. मोबाइल वायफायला जोडला जातो, पण खाली 'इंटरनेट नाही' असं लिहून येतं. राउटरचं सेटिंगचं पान मात्र लगेच उघडतं. बंद-चालू करून काही फरक पडत नाही, आणि दुकानातल्या सगळ्याच मोबाइल-लॅपटॉपवर हीच रड आहे. शेवटची खूण सगळ्यात मोलाची: नेट जाण्याच्या जरा आधी रिसेट झालंय, राउटर बदललाय किंवा प्रोव्हायडरचा माणूस येऊन गेलाय.

`LOS` लाल लुकलुकत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही, तुमच्या फायबरमधून उजेडच नीट पोहोचत नाही. नेट येतं-जातं, किंवा हळू चालतं, तर तेही दुखणं वेगळं. कनेक्शनचा प्रकार चुकला की नेट हळू होत नाही, बहुधा पूर्ण बंदच राहतं.

दिवा हिरवा असून नेट का नाही

ओएनयूचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की प्रोव्हायडरच्या मशीनपासून तुमच्या भिंतीपर्यंत उजेड पोहोचतोय. रस्ता तयार आहे, बस. त्या रस्त्यावर गाडी काढायला राउटरला एक नंबर लागतो, आयपी ॲड्रेस. तो दोन तऱ्हेने मिळतो.

डायनॅमिकमध्ये राउटर चालू झाला की लाइनवर हाक मारतो, "कोणी नंबर देता का?" प्रोव्हायडरचा सर्व्हर त्याला ठराविक मुदतीसाठी एक नंबर उसना देतो. स्टॅटिकमध्ये हाक मारायचीच नाही. प्रोव्हायडरने कागदावर आकडे लिहून दिलेले असतात, ते राउटरमध्ये हाताने भरायचे आणि राउटर तेच वापरतो.

लाइन स्टॅटिक असताना राउटर डायनॅमिकवर राहिला तर तो हाका मारत बसतो, उत्तर द्यायला पलीकडे कोणी नसतं. उलट झालं, म्हणजे लाइन डायनॅमिक आणि राउटरमध्ये जुने आकडे, तर राउटर आपल्याच तोऱ्यात जुना नंबर लावून बसतो आणि पलीकडचा त्याला ओळखत नाही. दोन्हीकडे दिवे सारखेच दिसतात. म्हणून दिव्यांकडे बघून काही ठरवू नका.

पहिली तपासणी: वायर कुठल्या भोकात आहे

याला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. ओएनयूमधून आलेली वायर राउटरच्या `WAN` लिहिलेल्या पोर्टमध्ये हवी. ते पोर्ट बहुतेक राउटरवर बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं असतं. साफसफाई करताना वायर निघते आणि शेजारच्या `LAN` मध्ये बसवली जाते. तिथेही दिवा लागतो, म्हणून कोणाला शंका येत नाही.

मग दोन्ही डबे बंद करा. आधी ओएनयू चालू करा, `PON` स्थिर होईपर्यंत थांबा, आणि त्यानंतरच राउटर चालू करा. लाइट आल्यावर दोन्ही एकदम चालू होतात तेव्हा काही राउटर ओएनयू तयार व्हायच्या आधीच हाका मारून थकतात. एवढ्याने नेट आलं तर सेटिंगला हात लावायची गरजच नाही.

दुसरी तपासणी: लाइन नक्की कुठल्या प्रकारची

हे राउटरला विचारायचं नसतं, कागदाला विचारायचं असतं. लाइन स्टॅटिक की डायनॅमिक हे प्रोव्हायडर ठरवतो. आपण राउटरमध्ये काहीही निवडलं तरी पलीकडचं बदलत नाही. काही राउटरमध्ये `Detect` नावाचं बटण असतं. ते हाक मारून उत्तर येतं का एवढंच बघतं. स्टॅटिक लाइनवर सहसा उत्तर यायचंच नसतं, तेव्हा त्या बटणावर विसंबू नका.

बिल काढा. स्टॅटिक आयपीचे बहुधा वेगळे पैसे लागतात आणि बिलात तशी ओळ असते. बिल नसेल तर जोडणीच्या वेळचा मेसेज किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो शोधा. तेही नसेल तर मालकाला एकच विचारा, "कॅमेरे बाहेरगावाहून बघायला म्हणून जास्त पैसे भरले होते का?" आमच्याकडे जिनिंग, वजनकाटे आणि पेट्रोल पंप यांनी स्टॅटिक घेतला असेल तर तो बहुतेक याच कारणासाठी घेतलेला असतो. साध्या घरगुती लाइनवर तो क्वचितच दिसतो.

जाता जाता, तिसराही एक प्रकार आहे. पीपीपीओई, ज्यात युजरनेम आणि पासवर्ड टाकावा लागतो. तुमच्या कागदावर आकड्यांऐवजी युजरनेम असेल तर राउटरमध्ये `PPPoE` निवडा, ते दोन्ही भरा आणि हा लेख इथेच सोडा.

तिसरी तपासणी: राउटरच्या पानावर काय लिहिलंय

राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या लेबलवर पत्ता असतो, बहुतेकदा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1`. तो ब्राउझरमध्ये टाका, आत जा, `WAN` किंवा `Internet` चं पान उघडा. काहीही बदलायच्या आधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पुढे काही बिघडलं तर परत यायला तोच एक रस्ता असतो.

त्या पानावर तीनपैकी एक दृश्य दिसेल.

एक: प्रकार `Dynamic IP`, आणि पत्त्याच्या जागी `0.0.0.0`. राउटर हाक मारतोय, उत्तर नाही. `Renew` दाबा, अर्धा मिनिट थांबा. शून्य तसंच राहिलं आणि बिलात स्टॅटिकची ओळ असेल, तर दोष सापडला. बिलात ती ओळ नसेल तर घाई करू नका. प्रोव्हायडरचा सर्व्हर बंद असला तरी शून्यच दिसतं.

दोन: प्रकार `Static IP`, आणि पत्ता, गेटवे म्हणजे प्रोव्हायडरच्या दाराचा नंबर, सगळं छान भरलेलं. इथेच माणूस फसतो. मीही फसलोय. धरणगावजवळच्या एका कृषी सेवा केंद्रात पानावर नंबर स्वच्छ दिसत होता, म्हणून मी धरून चाललो की राउटरला पत्ता मिळालाय. तासभर वायर बदलत आणि नवे कनेक्टर क्रिंप करत बसलो. शेवटी कळलं की प्रोव्हायडरने महिन्याभरापूर्वीच त्या भागातल्या सगळ्या लाइनी डायनॅमिक केल्या होत्या आणि दुकानदाराला आलेला मेसेज त्याने वाचलाच नव्हता. जुना नंबर काही दिवस चालला आणि एके सकाळी बंद पडला. डायनॅमिकमध्ये पानावरचा नंबर पलीकडून आलेला असतो. स्टॅटिकमध्ये मात्र तुम्हीच टाइप केलेला नंबर राउटर तुम्हाला परत दाखवतो. तो मिळाल्याचा पुरावा नाही.

तीन: प्रकार `Dynamic IP` आणि पत्ता `192.168` ने सुरू होणारा. याचा अर्थ प्रोव्हायडरचा डबा स्वतःच राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्या हाताखाली आहे. मग तुमच्या राउटरला डायनॅमिकच राहू द्या, स्टॅटिकचे आकडे त्या पहिल्या डब्यात हवेत, ते प्रोव्हायडरकडूनच भरून घ्या. फक्त एक बघा. दोन्ही डब्यांचा पत्ता `192.168.1.1` असेल तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. अशा वेळी तुमच्या राउटरचा `LAN` पत्ता `192.168.5.1` असा काही वेगळा करून टाका.

चौथी तपासणी: गाडी कुठे अडते

लॅपटॉप राउटरला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये या ओळी एकेक करून टाका. पहिल्या ओळीत तुमच्या राउटरच्या लेबलवरचा पत्ता लिहा, दुसऱ्या ओळीत तुमच्या पानावर दिसणारा गेटवे. पानावर शून्यच असेल तर ही तपासणी सोडून पुढे चला.

```
ping 192.168.0.1
ping 203.0.113.17
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिली ओळ तुमच्या राउटरपर्यंत, दुसरी प्रोव्हायडरच्या दारापर्यंत, तिसरी बाहेरच्या जगापर्यंत आणि चौथी नाव शोधण्यापर्यंत. पहिली चालते आणि पुढच्या सगळ्या अडतात, `Destination host unreachable` किंवा `Request timed out` येतं, तर आकडे किंवा प्रकार चुकलाय. पहिल्या तीन चालतात आणि फक्त चौथी अडते, तर प्रकार बरोबर आहे, डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून नंबर शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, रकाना रिकामा किंवा चुकीचा आहे. काही प्रोव्हायडर गेटवेला पिंगचं उत्तर द्यायला बंदी घालतात. म्हणून दुसरी अडली पण तिसरी चालली तर ती अडचण समजू नका.

पाचवी तपासणी: प्रकार बदलून बघणे

स्टॅटिकवरून डायनॅमिकवर नेऊन बघायला भीती नाही. राउटर नुसता नंबर मागतो, कोणाचं काही बिघडत नाही. बदला, सेव्ह करा, एक मिनिट थांबा, नंबर आला का बघा. उलट दिशेने जाताना मात्र जपून. स्टॅटिकचे आकडे प्रोव्हायडरने दिलेलेच हवेत. शेजारच्या दुकानाचा नंबर बघून 'आपला पुढचा असेल' असा अंदाज बांधू नका. तो नंबर दुसऱ्या कोणाचा असेल तर त्याचंही नेट पडतं, आणि प्रोव्हायडर तुमचं पोर्ट बंद करू शकतो.

पारोळ्याजवळच्या एका जिनिंगचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात होण्यासारख्या सगळ्या चुका एकाच संध्याकाळी झाल्या. आकडे बदललेत. `203.0.113` ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले असतात.

दुपारी लाइट जाऊन आली, नेट अडकलं, मुनीमजींनी टाचणीने रिसेट केलं. रिसेट झालेला राउटर बहुधा डायनॅमिकवर जातो. मी पोचलो तेव्हा पानावर `0.0.0.0` होतं. आवारात कापसाच्या गाड्या उभ्या, वजनकाट्याच्या पावत्या अडलेल्या, आणि मालक धुळ्याहून दर पाच मिनिटांनी फोन करत होते. कागद कोणालाच सापडेना. शेवटी मालकांच्याच व्हॉट्सॲपमध्ये जोडणीच्या वेळचा फोटो निघाला:

```
IP Address:      203.0.113.21
Subnet Mask:     255.255.255.248
Default Gateway: 203.0.113.17
Primary DNS:     8.8.8.8
```

फोटो धूसर होता आणि मी मास्कचा शेवटचा आकडा 252 वाचला. राउटरने सेव्हच करू दिलं नाही, गेटवे त्याच जाळ्यात नाही म्हणाला. यामागचं गणित साधं आहे. मास्क म्हणजे गल्ली केवढी हे सांगणारा आकडा. शेवटी 252 असेल तर गल्लीत चार नंबर, 248 असेल तर आठ. 252 धरला तर 21 नंबरची गल्ली 20 ते 23 एवढीच होते आणि 17 नंबरचा गेटवे गल्लीबाहेर पडतो. 248 धरला की गल्ली 16 ते 23, आणि 17 आत येतो. म्हणून गेटवेबद्दल तक्रार आली तर गेटवे बदलू नका, आधी मास्क पुन्हा वाचा.

248 टाकल्यावर सेव्ह झालं. `8.8.8.8` ला पिंग चालू, पण वेबसाइट उघडेना. डीएनएसचा रकाना मी रिकामाच ठेवला होता. डायनॅमिकमध्ये तो सहसा आपोआप भरतो, स्टॅटिकमध्ये हाताने भरावा लागतो. तो भरला आणि पावत्या सुरू झाल्या.

मी पाना-पक्कड बॅगेत टाकतोय तोच मालकांचा फोन. नेट आलं, पण कॅमेरे दिसत नाहीत. रिसेटमध्ये कनेक्शनच्या प्रकाराबरोबर, बाहेरून आलेली मागणी कॅमेऱ्यांच्या डब्याकडे म्हणजे डीव्हीआरकडे वळवणारं पोर्ट फॉरवर्डिंगही पुसलं गेलं होतं. डीव्हीआरचा आतला पत्ता आणि पोर्ट पुन्हा भरले, तेव्हा कुठे चहा मिळाला.

याच जागी आणखी एक फसवणूक होते. काही प्रोव्हायडर स्टॅटिक ग्राहकाच्या लाइनवरही हाकेला उत्तर देतात. मग रिसेटनंतर डायनॅमिकवर नेट चालू राहतं आणि सगळे खूश होतात. पण पानावर पत्ता `100.64` ते `100.127` मधला दिसला तर तो अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या मार्गाचा पत्ता असतो. त्यावर बाहेरून पोर्ट फॉरवर्डिंगने डीव्हीआर उघडत नाही. स्टॅटिकचे पैसे भरत असाल तर नेट चालतंय म्हणून थांबू नका, आकडे परत भरा.

सहावी तपासणी: राउटर बाजूला काढून

ओएनयूची वायर राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा. डायनॅमिक लाइन असेल तर लॅपटॉप आपोआप पत्ता घेण्यावर ठेवा. स्टॅटिक असेल तर तेच आकडे लॅपटॉपमध्ये भरा. लॅपटॉपवर नेट आलं तर दोष राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा राउटरमध्ये. नाही आलं तर बहुधा पलीकडे. चाचणी झाल्यावर लॅपटॉप परत आपोआपवर न्यायला विसरू नका, नाहीतर उद्या त्याचंच नेट बंद म्हणून तुम्हीच फोन कराल.

एक अडचण लक्षात ठेवा. काही प्रोव्हायडर तुमच्या जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, बांधून ठेवतात. दुसरं कुठलंही यंत्र लावलं की उत्तर देत नाहीत. नवा राउटर आणल्याबरोबर नेट गेलं असेल तर हा संशय धरा. जुन्या राउटरच्या लेबलवरचा मॅक नव्यात `MAC Clone` मध्ये भरून बघा, आणि ओएनयू पाच मिनिटं बंद ठेवून मग चालू करा.

इथे थांबा आणि फोन करा

`LOS` लाल असेल तर लगेच. फायबरचा कनेक्टर काढून त्यात डोकावू नका, तो उजेड डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. ओएनयूच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊ नका. तिथली एक नोंद पुसली गेली तर `PON` हिरवा राहूनही तुमच्याकडून ती परत भरली जायची नाही. स्टॅटिकचे आकडे हाती नसतील तर अंदाज न करता थांबा. आणि लॅपटॉप थेट लावूनही काही आलं नाही, मॅक भरूनही नाही, तर तुमच्या बाजूचं काम संपलं.

फोनवर "नेट बंद आहे" एवढंच म्हणालात तर पलीकडचा "राउटर बंद-चालू करा" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी हे वाचून दाखवा: "PON हिरवा आहे, LOS बंद आहे. राउटर डायनॅमिकवर ठेवला तर शून्य येतं. लॅपटॉप थेट लावूनही नंबर मिळत नाही. माझी लाइन तुमच्याकडे स्टॅटिक आहे की डायनॅमिक? स्टॅटिक असेल तर आयपी, मास्क, गेटवे आणि डीएनएस मेसेजवर पाठवा. मॅक बांधलाय का तेही बघा, माझ्या राउटरचा हा."

मेसेज आला की त्याची प्रिंट काढून राउटरच्या वर भिंतीला चिकटवा. नेट चालू झाल्यावर राउटरच्या `Backup` मधून सेटिंगची फाइल काढून मोबाइलवर ठेवा. पुढच्या वेळी रिसेट झालं तर प्रकार, आकडे, पोर्ट सगळं दोन मिनिटांत परत येतं. पारोळ्याच्या मुनीमजींनी तर त्याच दिवशी रिसेटच्या भोकावर चिकटपट्टी लावून टाकली.